भागीदाराला कॅड घेण्याबद्दल पत्र लिहिलंय, पाठवण्याआधी वाचून सांगाल का?

गाळा_१४

आमचं साकीनाक्याला शीटमेटलचं छोटं वर्कशॉप आहे. एक प्रेस ब्रेक, एक शिअरिंग, दोन वेल्डर, दोन हेल्पर. इलेक्ट्रिकल पॅनलचे डबे, मोटरचे गार्ड, स्टँड अशी कामं करतो. लेझर कटिंग वसईहून करून घेतो. बाबा गेल्यापासून मी आणि बाबांचे मित्र असे दोघे निम्मे-निम्मे भागीदार आहोत. काकांचं वय ६७. तोंडी विषय काढला की "बघू" म्हणतात आणि चहा मागवतात, म्हणून पत्र लिहायला घेतलं. काका कागदावरचं नीट वाचतात, पेन्सिलीने खुणा करतात. मसुदा खाली देतोय. आकड्यांत कुठे चुकतोय ते सांगा.

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

श्रावणातलं २४ डब्यांचं काम तुम्हाला आठवत असेल. गिऱ्हाईकाने १.६ ऐवजी २ एमएम पत्रा मागितला. ड्रॉइंग बाहेरून करून घेतलं होतं, ते १.६ चं होतं, आणि तेच लेझरवाल्याकडे गेलं. डब्याची घडी २५, २०० , ६००, २००, २५. बाहेरची मापं मिळून १०५०, बेंड चार. सपाट कापलेला पत्रा, म्हणजे ब्लँक, १०३८ चा आला, २ एमएमला तो मोठा. दोन्ही कडांकडून मापं धरून वाकवल्यावर जास्तीचं सगळं मधल्या ६०० मध्ये गेलं आणि तो ६०३ झाला. वरचं झाकण बसवेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. पत्रा २१,१०० रुपयांचा, लेझर ९,००० आणि बेंडिंगची मजुरी ६,००० असे ३६,१०० रुपये गेले. वर्षभरातली बाकीची किरकोळ रिजेक्शन धरली तर साधारण ६०,००० होतात.

शिवाय ड्रॉइंगसाठी बाहेरच्या ड्राफ्ट्समनला वर्षात १,०४,००० दिले. दर वेळी दोन-तीन दिवस थांबावं लागतं ते वेगळंच.

माझा प्रस्ताव असा. शीटमेटल असलेल्या थ्रीडी कॅडचं एक लायसन्स, वर्षाला ९५,०००. त्याला पेलेल असा कॉम्प्युटर ८५,०००. प्रशिक्षण दोघांचं, मी आणि आपला धाकटा हेल्पर, मिळून ३६,०००. पहिल्या वर्षी एकूण २,१६,००० अधिक जीएसटी. बचत १,६४,०००. पहिल्या वर्षी ५२,००० कमी पडतील, दुसऱ्या वर्षी ६९,००० वर राहतील, म्हणजे दोन वर्षांत पैसे वसूल होऊन थोडे उरतील.

बाबांनी आणि तुम्ही गाळा घेतला तेव्हाही कर्ज काढूनच घेतला होता. तुमचं मत कळवावं.
आपला नम्र,

---

वसईचा_लेझर

पत्र छान उतरलंय. मी लेझर कटिंगच्या धंद्यात आहे, त्यामुळे एकच सांगतो. कॅड आलं की तुम्ही स्वतः कटिंगची डीएक्सएफ फाइल पाठवायला लागाल. त्यात फक्त कटिंगची बाह्यरेषा आणि भोकं हवीत. बेंडची रेषा वेगळ्या लेयरवर ठेवा किंवा काढूनच टाका. आमच्याकडे एकाने सगळं एकाच लेयरवर पाठवलं, रात्रपाळीच्या पोराने तसंच मशीनला लावलं आणि बेंडच्या रेषेवरून पत्र्याचे तुकडे झाले. पार्टी म्हणाली तुमची चूक, आम्ही म्हणालो तुमची. शेवटी निम्मं-निम्मं केलं.

---

किरकोळ

कॅडचा क्लास लावायचाच असेल तर ठाणे स्टेशनजवळ लावा. माझ्या भाच्याने तीन महिन्यांचा केला, आता त्याला नोकरीचे कॉल येतात. फी थोडी जास्त आहे पण हप्त्याने घेतात.

---

गाळा_१४

@किरकोळ, मला नोकरी नको आहे हो, नोकऱ्या द्यायला माणसं हवी आहेत :) पण प्रशिक्षणाचा प्रश्न खराच आहे, त्यावर कुणी सांगावं.

---

जुना_फिटर

३४ वर्षं बेंडिंगवर काढली. तुमचे काका ब्लँक कसा काढतात? दर बेंडला दोन जाडी वजा, असंच ना?

---

गाळा_१४

हो, तोंडी. २ एमएमला दर बेंडला ४ वजा. १०५० मधून १६ गेले की १०३४.

---

जुना_फिटर

मग काकांच्या हिशेबाने डबा केला असता तर वाया गेला नसता. १०३४ ने जरासा लहान झाला असता, एमएमभर. झाकण बसलं असतं. तुमचं नुकसान हिशेबामुळे झालं नाही, जुनं ड्रॉइंग गेल्यामुळे झालं. पत्रात हे नीट मांडा, नाहीतर काका हाच मुद्दा धरतील आणि त्यांचं बरोबर असेल.

आता माझा प्रश्न. तुमच्या प्रेसवर २ एमएमचं खरं डिडक्शन किती, हे कधी मोजलंय का?

---

गाळा_१४

नाही मोजलं. मोजायचं कसं?

---

जुना_फिटर

त्याच पत्र्यातून ४० रुंद आणि बरोबर १०० लांब अशा तीन पट्ट्या काढा. शिअरवर काढल्यात तर बर घासून घ्या आणि लांबी व्हर्नियरने तपासा, ९९.८ असेल तर ९९.८ लिहा. रोज जो व्ही डाय वापरता तोच लावा. मधोमध वाकवा. गुण्या लावून ९० बघा. ९१ असेल तर माप खोटं येईल, पुन्हा दाबून ९० करा. मग दोन्ही पाय बाहेरून मोजा. समजा एक ५१.९ आणि दुसरा ५१.९, बेरीज १०३.८. त्यातून १०० वजा केले की ३.८. एका बेंडला एवढं वजा करायचं. तिन्ही पट्ट्यांची सरासरी घ्या आणि खडूने नाही, पेंटने प्रेसच्या बाजूला लिहून ठेवा: जाडी, डाय, डिडक्शन.

१६ च्या व्ही वर २ एमएमला ३.८ च्या आसपास यायला हवं. १२ च्या व्ही वर आतली गोलाई लहान पडते, तिथे ३.५ येईल. चार बेंडला तेवढ्यानेच १.२ एमएमचा फरक पडतो. दुपारी कुणी डाय बदलला आणि सांगितलं नाही, तर कॅड काय, ब्रह्मदेव आला तरी माप जुळणार नाही.

---

तीनमिती

फिटरकाका, एवढ्या पट्ट्या कशाला? सॉफ्टवेअरमध्ये के-फॅक्टर असतो ना. जाडी आणि गोलाई टाकली की त्यावरून डिडक्शन आपोआप निघतं. मी कॉलेजात शिकलोय, के ०.५ ठेवा आणि विसरून जा.

---

ताई_फॅब्रिकेशन

@तीनमिती, "विसरून जा" म्हणू नका हो. ०.५ हा बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आयता भरून आलेला आकडा असतो, त्याला तुमचं मशीन ठाऊक नसतं. आमच्या ठाण्याच्या वर्कशॉपमध्ये पहिला महिना आम्ही तोच ठेवला होता. २ एमएम, १६ चा व्ही, आत गोलाई साधारण २.७. ०.५ ने डिडक्शन ३.६ च्या खाली येतं. फिटरकाकांचे ३.८ जास्त खरे आहेत, त्याला के ०.४२ च्या जवळपास बसतो. चार बेंडला एमएमभर फरक. पडद्यावर डबा अगदी देखणा दिसतो आणि प्रत्यक्षात एमएमने मोठा निघतो. आणि पडद्यावरचा आकडा म्हणून कुणी शंकाही घेत नाही, हा खरा त्रास.

गोलाईचंही तसंच. सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही १ लिहाल, पण पत्रा डायच्या तळाला न टेकवता वाकवला तर ती पंचवर फारशी अवलंबून नसते, व्ही च्या तोंडावर असते. साध्या पत्र्याला व्ही चा सहावा भाग धरला तर बऱ्यापैकी जमतं. स्टेनलेसला त्याहून मोठी पडते, त्याच्या पट्ट्या वेगळ्या वाकवायच्या.

म्हणून आम्ही आयता के बाजूला ठेवला आणि पट्ट्यांच्या डिडक्शनवरूनच तक्ता भरला. सॉफ्टवेअर तो तक्ता वाचतं. पत्र्याची जाडी बदलली की त्या जाडीची ओळ घेतं आणि ब्लँक, भोकं, कोपऱ्याचे नॉच सगळं नव्याने मांडतं. श्रावणात तुम्हाला हेच हवं होतं.

---

तीनमिती

बरं, ०.५ मागे घेतो. पण हाताने काढण्यापेक्षा तरी ते बरंच की.

---

जुना_फिटर

हाताने काढणाऱ्याला आपण हाताने काढतोय हे माहीत असतं, म्हणून तो पहिला पीस मोजतो. @गाळा_१४, तुम्ही पहिला पीस मोजला नव्हता का?

---

गाळा_१४

मोजला होता. हेल्परने टेपने २०० आणि २५ मोजले, ते बरोबर होते. ६०० कुणी मोजलाच नाही, तो "आपोआप येतो" म्हणून. नऊ डबे वाकून झाले होते. वेल्डरने दहा वाजता झाकण ठेवलं, एका बाजूला अंगठ्याचं नख जाईल एवढी फट. त्याने झाकण उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं आणि मला हाक मारली. तिथेच सगळं थांबवलं.

---

हिशेबनीस_डोंबिवली

नऊच वाकवले होते? मग पत्रात २४ डब्यांचं नुकसान कसं धरलंत? उरलेले १५ ब्लँक कुठे आहेत?

---

गाळा_१४

भिंतीला उभे आहेत. कडा शिअर करून वापरता येतील का ते पाहिलं, पण भोकं आणि नॉच लेझरने आधीच मारलेले, कड १.६ ने कापली की सगळं सरकतं. त्यातून लहान पॅनलच्या मागच्या पट्ट्या निघतील.

---

हिशेबनीस_डोंबिवली

मग तो पत्रा वाया गेलेला नाही. तुमच्याच आकड्यांनी पुन्हा मांडतो. एक ब्लँक १०३८ बाय उंची, उंची किती?

---

गाळा_१४

७५०. वजन १२.२ किलो बसतं. पत्रा ७२ रुपये किलोने घेतला होता.

---

हिशेबनीस_डोंबिवली

नऊ डबे म्हणजे ११० किलो, ७,९०० रुपये. भंगार कितीने गेलं? ३० धरतो, ३,३०० परत आले. पत्र्याचं निव्वळ नुकसान ४,६००. लेझरचे ९,००० पूर्ण गेले, कारण उरलेल्या १५ वरचं कटिंगही फुकट गेलं. बेंडिंग मात्र नवांचंच झालं, ६,००० पैकी २,२५०. एकूण १५,८५०. तुमच्या पत्रात ३६,१०० आहेत.

काका पेन्सिलीने खुणा करतात म्हणालात ना, पहिली खूण इथेच पडेल. आणि एक आकडा फुगलेला दिसला की माणूस बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही.

आता कराचं. विक्रेत्याच्या बिलावर तुमचा जीएसटी नंबर असेल तर सॉफ्टवेअर, कॉम्प्युटर आणि प्रशिक्षण तिन्हींवरचं १८ टक्के इनपुटमध्ये परत मिळतं, फक्त ते तुमच्या रिटर्नमध्ये दिसलं पाहिजे. क्रेडिट घेतलंत की त्या जीएसटीवर घसारा घेता येत नाही. कॉम्प्युटर ४० टक्के घसाऱ्याच्या गटात बसतो, पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर त्या वर्षी निम्माच. दर वर्षी भरायचं सबस्क्रिप्शन सहसा सरळ खर्चातच जातं. परदेशी कंपनीच्या साइटवरून थेट घेतलंत तर आयजीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरावा लागतो, मग क्रेडिट घ्यायचं. म्हणून इथल्या विक्रेत्याकडून घेतलेलं सोपं.

---

पोटमाळा

एवढं ९५ हजारांचं कशाला राव. लॅमिंग्टन रोडला कुणालाही विचारा, पेनड्राइव्हमध्ये मिळेल. आमच्याकडे पाच वर्षं चालतंय.

---

ताई_फॅब्रिकेशन

@पोटमाळा, आमच्या शेजारच्या गाळ्यातही चालत होतं. इंटरनेट जोडलेलं असल्यामुळे कंपनीला कळलं, नोटीस आली, आणि शेवटी लायसन्सपेक्षा जास्त पैसे देऊन मिटवावं लागलं. दोन महिने त्या माणसाला झोप नव्हती.

---

हिशेबनीस_डोंबिवली

कॉपीराइट कायद्यात, १९५७ च्या, कलम ६३ब खास यासाठीच आहे. माहीत असून चोरीचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर वापरलं तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड. धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं. तुमचा वापर धंद्याचाच.

---

पोटमाळा

बरं बाबा. मग फुकटचं कायदेशीर काही आहे का?

---

ताई_फॅब्रिकेशन

आहे. फ्रीकॅड. मुक्त परवान्याचं आहे, धंद्यात वापरलं तरी चालतं. त्यात शीटमेटलचं जोडकाम वेगळं बसवावं लागतं. त्याने आमचे साधे डबे, ब्रॅकेट, गार्ड सगळे होतात, उलगडलेला पत्रा डीएक्सएफमध्ये निघतो. नोव्हेंबर २०२४ ला १.० आलं, त्याच्या आधी मॉडेलमध्ये मागे जाऊन काही बदललं की पुढची भोकं भलत्याच पृष्ठावर जात, ते बरंच कमी झालं.

पण खरं सांगते, पहिले दोन महिने मी रडकुंडीला आले होते. विक्रेता नाही, फोन करायला कुणी नाही. आणि गिऱ्हाईक त्याच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल पाठवतो तेव्हा ती उघडत नाही, स्टेप फाइल मागावी लागते. घरगुती वापरासाठी फुकट मिळणाऱ्या इतर सॉफ्टवेअरच्या मोहात पडू नका, त्यांच्या अटींत धंदा बसत नाही.

---

गाळा_१४

ताई, किती वेळ लागला तुम्हाला, म्हणजे बाहेरचा ड्राफ्ट्समन पूर्ण बंद व्हायला?

---

ताई_फॅब्रिकेशन

पूर्ण बंद झालाच नाही. मोठ्या असेंब्लीचं ड्रॉइंग, म्हणजे २०-२५ पार्टचं मशीन कव्हर असलं की अजूनही त्याच्याकडे देते. साधी कामं चौथ्या महिन्यापासून घरात यायला लागली. तुमच्या १,०४,००० पैकी सगळे वाचतील असं धरू नका. मी ८०,००० धरेन.

आणि तुम्ही दोघांना शिकवणार म्हणताय त्यात हेल्परपेक्षा तुम्ही महत्त्वाचे. आमचा पहिला मुलगा शिकला आणि आठव्या महिन्यात तळोज्याला गेला, पगार दीडपट. त्याला दोष देत नाही. पण त्याने फाइलना नावं "नवीन१", "फायनल२", "फायनल खरं" अशी दिली होती. कुठला डबा कुठल्या जाडीचा ते शोधण्यात पंधरा दिवस गेले. तुमचं श्रावणातलं संकट कॅडच्या आतही तसंच घडू शकतं. म्हणून पहिल्या दिवसापासून फाइलच्या नावात गिऱ्हाईक, पार्ट, जाडी आणि बदलाचा क्रमांक घाला. लेझरवाल्याला फाइल पाठवल्यावर ऑर्डरच्या कागदावर तेच नाव पेनाने लिहा.

---

वसईचा_लेझर

ताईंना अनुमोदन. आणि फाइलच्या नावात जाडी असली की आमचाही माणूस थांबून विचारतो, "साहेब १.६ लिहिलंय, पत्रा २ चा दिलाय?" तुमच्या वेळी आमच्यासारखा कुणी असता तर तिथेच थांबलं असतं. तुमचा लेझरवाला मी नव्हतो ना? :)

---

गाळा_१४

नव्हतात. त्याने विचारलं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही. दोष आमचाच.

---

प्रशिक्षक_निवृत्त

मी आयटीआयमध्ये शिकवत होतो. क्लासबद्दल सांगतो. बहुतेक ठिकाणी मशीनचे पार्ट शिकवतात: शाफ्ट, फ्लँज, बोल्ट, मग असेंब्ली. शीटमेटल शेवटच्या आठवड्यात दोन तास, तेही घाईत. तुम्हाला नेमकं उलट हवं आहे. १८,००० भरण्याआधी विचारा की शीटमेटलचे तास किती आणि आमचे स्वतःचे पाच जॉब त्यात करून देणार का. तुमचा श्रावणातला डबा घेऊन जा. शिकवणाऱ्याला सांगा, याची जाडी १.६ वरून २ करा आणि उलगडलेली लांबी दाखवा. डिडक्शनचा तक्ता कुठे भरायचा हे त्याला शोधावं लागलं, तर तिथे पैसे भरू नका.

सॉफ्टवेअर विकणाऱ्यालाही तेच सांगा. त्याच्या लॅपटॉपवरचा तयार डेमो बघू नका, तुमच्या समोर तुमचा डबा काढायला लावा. बरेच जण महिनाभर वापरून बघायला देतात.

---

दोन_भागीदार

थोडं विषयांतर. आम्ही दोघं भाऊ भागीदार होतो. मी न विचारता वेल्डिंगचं नवीन मशीन घेतलं, फायद्याचंच होतं, पण धाकट्याने तीन वर्षं त्याला हात लावला नाही. तुम्ही विचारताय हे चांगलं करताय. भागीदारीच्या डीडमध्ये काय लिहिलंय ते बघून ठेवा.

---

हिशेबनीस_डोंबिवली

भागीदारी कायद्यात, १९३२ च्या, रोजच्या बाबतीतले मतभेद बहुमताने सोडवायचे असं आहे. दोघांत बहुमत कुठून येणार. म्हणून डीड आणि समजूत, दोनच मार्ग.

---

जुना_फिटर

मूळ प्रश्नाकडे येतो. @गाळा_१४, रिजेक्शनचे पैसे दोन खिशांत वेगळे टाका. एक, माप चुकीचं काढल्यामुळे गेलेले. ते तीन पट्ट्या आणि एक तक्ता लावून आजच थांबतील, खर्च शंभर रुपये. ते कॅडच्या फायद्यात मोजू नका. दुसरे, जाडी किंवा माप बदललं आणि ड्रॉइंग बदललं नाही म्हणून गेलेले. तेवढेच कॅडचे. तुमच्या रजिस्टरमध्ये कारण लिहिता का?

---

गाळा_१४

लिहितो, पण "साइज चूक" एवढंच. काल रात्री बसून आठवून आठवून वेगळं केलं. श्रावणातले जवळपास १६,००० आणि बाकी २४,०००, मिळून ४०,०००. त्यातले निम्मे, २०,००० बदल न कळवल्याचे आहेत. बाकी मापाचे, डाय बदलल्याचे, एक तर पत्रा उलटा वाकवल्याचा.

म्हणजे ड्रॉइंगचे ८०,००० आणि हे २०,०००, एक लाख. आणि लायसन्स वर्षाला ९५,०००. कॉम्प्युटर आणि प्रशिक्षणाचे १,२१,००० कुठूनच निघत नाहीत. खरं सांगायचं तर हे मांडल्यावर हात गळाले. पत्रात लिहिलं होतं दोन वर्षांत वसूल.

---

तीनमिती

पण कोटेशन लवकर जाईल, त्याने ऑर्डर वाढतील, ते कुठे धरलंय?

---

गाळा_१४

११ चौकशा उशिरा कोटेशनमुळे गेल्या असं माझ्या डायरीत आहे.

---

जुना_फिटर

उशिरामुळे गेल्या की भावामुळे, हे गिऱ्हाईक सांगत नाही. पत्रात लिहा, पण रुपयांत मांडू नका.

---

ताई_फॅब्रिकेशन

हात गळायचं कारण नाही. लायसन्सची घाई करू नका, एवढाच त्याचा अर्थ. कॉम्प्युटर आणि प्रशिक्षण आधी मागा. मी असते तर सहा महिने फ्रीकॅडवर आपल्याच डब्यांचा तक्ता बसवला असता. बाहेरची ड्रॉइंग किती कमी झाली ते दर महिन्याला लिहून ठेवलं असतं आणि मग लायसन्सचं पत्र दुसरं लिहिलं असतं. तेव्हा आकडे तुमचे असतील, विक्रेत्याचे नाही.

---

प्रशिक्षक_निवृत्त

मला हे पूर्ण पटत नाही. शिकायचं एकावर आणि सहा महिन्यांनी जायचं दुसऱ्यावर, यात वर्कशॉपमधला माणूस कंटाळतो. मॉडेलही तसेच्या तसे जात नाहीत, पुन्हा काढावे लागतात. ज्यावर काम करायचं त्यावरच शिकावं. महिनाभराची चाचणी घ्या, जमलं तर त्याचंच लायसन्स.

---

ताई_फॅब्रिकेशन

मॉडेल जात नाहीत हे खरं. तक्ता जातो. डबे काय, एकदा हात बसला की तासाभरात पुन्हा होतात.

---

गाळा_१४

थोडं लांबलं, पण झालं ते सांगतो.

शनिवारी पट्ट्या काढल्या. काका नेमके आले. मी वाकवत होतो तर म्हणाले, "बाजूला हो", आणि स्वतः पायडलवर उभे राहिले. तिन्ही पट्ट्या त्यांनीच वाकवल्या, प्रत्येकीला गुण्या लावला, उजेडाकडे धरून फट बघितली. मी मोजलं: १०३.८, १०३.८, १०३.७. काका म्हणाले, "दोन जाडी म्हणजे चार, तुझे तीन-आठ, भांडण कसलं?" मग मी १२ चा व्ही लावायला सांगितला. १०३.५ आला. तो त्यांनी माझ्या हातातून व्हर्नियर घेऊन दोनदा मोजला. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनीच हेल्परला लाल पेंट आणायला पाठवलं आणि प्रेसच्या बाजूला दोन्ही आकडे स्वतः लिहिले.

पत्र पुन्हा लिहिलं. ३६,१०० काढले, १५,८५० लिहिले आणि ते कसे आले तेही. बेंडिंगच्या मापाचं नुकसान पट्ट्यांनी थांबेल, त्यासाठी पैसे नकोत, असं स्पष्ट लिहिलं. आता मागणी अशी आहे: कॉम्प्युटर ८५,००० आणि प्रशिक्षण ३६,०००, दोघांचं, शीटमेटलचे तास आणि आपले पाच जॉब ही अट घालून. लायसन्सऐवजी एका सॉफ्टवेअरची महिन्याची चाचणी. त्या महिन्यात आपले दहा नेहमीचे डबे जाडी बदलून काढून बघायचे, आणि ड्राफ्ट्समनचं बिल किती कमी झालं ते लिहायचं. ते महिन्याला ६,००० च्या आसपास कमी झालं तरच ९५,००० चा विषय काढायचा, नाहीतर ताईंचा मार्ग. आणि फाइलच्या नावांचा नियम पत्रातच लिहिला, कारण तो कुठल्याही सॉफ्टवेअरला लागणारच.

रविवारी पत्र दिलं. काकांनी उभ्यानेच वाचलं, ८५,००० खाली पेन्सिलने रेघ मारली आणि "एवढा महाग कॉम्प्युटर कशाला?" विचारलं. घडी घालून खिशात ठेवलं. म्हणाले, दसऱ्यानंतर बोलू.

---

जुना_फिटर

८५,००० खालीच रेघ मारली ना? म्हणजे बाकीच्यावर मारली नाही. स्टेनलेसच्या पट्ट्या राहिल्यात, त्या काकांनाच वाकवू द्या.

---

हिशेबनीस_डोंबिवली

कॉम्प्युटर दसऱ्यानंतर घेतलात तर १८० दिवसांचं गणित बघून घ्या. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांनंतर गेलं की या वर्षी घसारा निम्माच.

---

किरकोळ

भाच्याला विचारलं. तो म्हणतो त्यांच्या क्लासमध्ये शीटमेटल एकच दिवस होतं. तुमचा डबा घेऊन कुणी आलं तर सर खूश होतील म्हणाला. पत्ता हवा असल्यास व्यनि करतो.

---

गाळा_१४

करा. डबा आहेच इथे, त्या नवांपैकी एक भंगारात दिला नव्हता.